प्रबंध फुकट तपासून घेतला आणि माझाच मजकूर ‘चोरीचा’ ठरला

डिसेंबरात ग्रंथालयातून फोन आला. “तुमचा सिमिलॅरिटी रिपोर्ट तयार आहे, पण मेलवर पाठवत नाही. गाईड मॅडमना घेऊन या,” एवढंच ग्रंथपाल सर म्हणाले. एल्फिन्स्टनला उतरण्याचं जुनं वळण अंगात आहे, स्टेशनचं नाव प्रभादेवी झालं तरी; त्या दिवशी मात्र परळलाच उतरले आणि पूल कधी ओलांडला तेही आठवत नाही. रिपोर्टवर आकडा होता ७१ टक्के. माझ्या सात वर्षांच्या कामातला ७१ टक्के मजकूर दुसरीकडे सापडला होता, आणि तो बहुतेक सगळा एकाच ठिकाणी. स्रोताच्या रकान्यात परदेशातल्या एका विद्यापीठाचं नाव आणि शेजारी लिहिलेलं: Student Paper.

मी त्या विद्यापीठाचं नावही कधी ऐकलं नव्हतं.

माझा विषय लालबाग-परळमध्ये खानावळी चालवणाऱ्या बायका. १९८२ च्या संपानंतर गिऱ्हाईक गिरणी कामगार राहिलं नाही, तेव्हा या बायकांनी काय केलं, याचा अभ्यास. प्रबंध इंग्रजीत आहे, मुलाखती सगळ्या मराठीत घेतलेल्या. त्याआधीच्या मार्चमध्ये सहापैकी चार प्रकरणं पूर्ण झाली होती. आमच्याकडे अधिकृत तपासणी ग्रंथालयात, तीही सबमिशनच्या तोंडावर होते. तोवर आपण कुठे आहोत ते कळत नाही. नोकरी सांभाळून लिहिणाऱ्या माणसाला ही धाकधूक किती पोखरते, ते त्यातून गेलेल्यांनाच ठाऊक. अशात आमच्या संशोधकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका मैत्रिणीने लिंक टाकली: पूर्ण प्रबंध फुकट तपासा, विद्यापीठात मिळतो तसाच रिपोर्ट.

साइटवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की तुमची फाइल आम्ही साठवत नाही. आधी हजार शब्द चिकटवून पाहायची सोय होती. मग ‘संपूर्ण फाइल’ असं बटण, त्यात ईमेल आणि विद्यापीठाचं नाव भरायचं. मी चारही प्रकरणं एका फाइलमध्ये जोडून टाकली. रात्री पावणेबाराला मेल आला, सोबत पीडीएफ, सिमिलॅरिटी ४ टक्के. त्या रात्री मला किती शांत झोप लागली ते आज आठवलं की अंगावर काटा येतो.

घडलं काय, ते मला ग्रंथपाल सरांनी डिसेंबरात समजावलं. टर्निटिन हे मजकूर जुळवून पाहणारं सॉफ्टवेअर एकट्यादुकट्याला विकत नाहीत, ते संस्थांना देतात. त्यामुळे कुणी ‘फुकटात टर्निटिन रिपोर्ट’ देत असेल, तर तो कुणा तरी संस्थेचं खातं वापरत असतो, मग ते भाड्याने घेतलेलं असो, उसनं असो की चोरलेलं. त्या खात्यात एक बनावट वर्ग उघडलेला असतो. आपली फाइल तिथे एखाद्या विद्यार्थ्याची असाइनमेंट म्हणून चढते. असाइनमेंट तयार करतानाच ठरवायचं असतं की आलेले पेपर भांडारात ठेवायचे की No repository निवडायचं, म्हणजे तपासून सोडून द्यायचे. भांडारात ठेवायचं ठरलेलं असेल, तर आपला मजकूर कायमचा तिथे जमा होतो आणि पुढे जगातून कुठूनही तोच मजकूर आला की जुळतो. पहिल्या दिवशी रिपोर्ट स्वच्छ येतो, कारण तेव्हा आपला मजकूर भांडारात नसतोच. तो टाकणारे आपणच असतो. फास नऊ महिन्यांनी आवळला जातो.

साइट चालवणाऱ्याने ती सेटिंग मुद्दाम तशी ठेवली होती की नुसत्या बेफिकिरीने, ते मला कधीच कळणार नाही. ‘साठवत नाही’ हे मात्र धादांत खोटं होतं. नंतर मी त्यांच्या अटी वाचल्या. मजकूर साठवायचा आणि वापरायचा हक्क अपलोड करणाऱ्याने दिला आहे, असं तिथे बारीक अक्षरांत होतंच.

७१ टक्क्यांचा अर्थ काय, तोही सांगते. यूजीसीचे २०१८ चे नियम प्रबंधाला दहा टक्क्यांपर्यंत मोकळीक देतात. दहा ते चाळीसमध्ये सहा महिन्यांच्या आत सुधारून पुन्हा द्यायचा, चाळीस ते साठमध्ये वर्षभर सादर करायला बंदी आणि साठच्या वर नोंदणीच रद्द. ही शिक्षा नुसत्या आकड्यावर होत नाही, आधी समिती चौकशी करते, पण त्या खोलीत बसलेल्या मला हे कुठलं सुचायला? मला एवढंच दिसत होतं की मी सगळ्यात वरच्या पायरीवर आहे.

मॅडम मात्र आकड्याकडे बघतच नव्हत्या. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, रिपोर्टची पानं एकेक करून उलटली आणि विचारलं, “अगं, इथे सगळं पान लाल आहे, मग मधे हा एवढासाच पांढरा ठिपका कसा?”

जुळलेला मजकूर रंगवून दाखवतात, न जुळलेला पांढरा राहतो. पान १३४ वर परिच्छेदच्या परिच्छेद लाल होता आणि मधे फक्त एक आकडा पांढरा: सतरा. मार्चमध्ये तिथे चौदा होतं. ऑगस्टमध्ये मी आणखी तीन बायकांशी बोलले आणि तो आकडा बदलला. पुढे एका आजींच्या गल्लीचं नाव मी आधी चुकीचं लिहिलं होतं, मग दुरुस्त केलं. तेही पांढरं. पाचवं आणि सहावं प्रकरण मार्चनंतर लिहिलेलं, त्यांत किरकोळ जुळण्या सोडल्या तर काहीच नाही. ज्या ज्या जागी मी मार्चनंतर हात लावला होता, तेवढ्याच जागा पांढऱ्या होत्या. मॅडम म्हणाल्या, “हा तुझाच जुना खर्डा आहे. तू हे कुठे टाकलं होतंस?”

तेव्हा मला ती रात्र आठवली.

सरांनी स्रोतावर क्लिक केलं. भांडारात तो पेपर जमा झाल्याची तारीख आणि माझ्या मेलमधल्या पीडीएफची तारीख एकच होती. पण आमच्याकडून तो पेपर पूर्ण उघडत नाही. दुसऱ्या संस्थेतल्या विद्यार्थ्याचा पेपर पाहायचा तर तिकडच्या शिक्षकाची परवानगी मागावी लागते. आणि तो काढून टाकायचा तर ते आपल्या हातात नाही, आपल्या विद्यापीठाच्याही नाही. ज्या संस्थेच्या खात्यातून तो चढला, तिच्याच प्रशासकाला काढायची विनंती करता येते. मी लेखिका आहे एवढं म्हणून तो पुसला जात नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकारातली हीच खरी जीवघेणी गोष्ट आहे.

इथे मी एक चूक करता करता वाचले. घरी जाऊन मी वाक्यं बदलायला बसले होते. हा शब्द काढ, तो घाल, क्रम उलटा कर. दोन पानं झाली असतील. मॅडमचा फोन आला आणि त्या चक्क ओरडल्या. स्वतःचं लेखन मोडून आकडा खाली आणायला गेले असते तर प्रबंध तर बिघडलाच असता, शिवाय ते पांढरे ठिपके पुसले गेले असते. माझ्या बाजूने बोलणारा तोच तर पुरावा होता. ‘आता किती येतं बघू’ म्हणून आणखी कुठल्या साइटवर टाकायलाही त्यांनी बजावून मनाई केली. तसं केलं असतं तर आणखी एक प्रत आणखी एका भांडारात गेली असती.

मग आम्ही कागद जमवले. दर सहा महिन्यांचे सहीशिक्क्याचे प्रगती अहवाल, मॅडमना पाठवलेल्या प्रकरणांचे तारखांसह जुने मेल, गुगल डॉक्समधला Version history, ज्यात ‘चौदा’चं ‘सतरा’ झालेला दिवस दिसतो, आणि मुलाखतींच्या वह्या. एका वहीवर तर डाळीचा डाग आहे. त्या आजी बोलता बोलता वाढत होत्या. सगळ्यात जास्त उपयोग झाला तो त्या फसव्या पीडीएफचा, जो मी रागाने डिलीट करणार होते. त्याच्या पहिल्या पानावर Submission ID होता. परदेशी विद्यापीठाला “आमच्या विद्यार्थिनीचा मजकूर तुमच्याकडे आहे” असं नुसतं लिहिलं असतं तर त्यांनी शोधायचं कुठे? आमच्या ग्रंथपालांनी अधिकृत पत्त्यावरून मेल लिहिला आणि त्यात तो क्रमांक दिला.

साडेपाच आठवडे उत्तर नाही. समितीपुढे मी दोनदा गेले. तिथे कुणी वाईट वागलं नाही, पण “मग तुम्ही टाकलंतच कशाला?” हा प्रश्न प्रत्येकाने विचारला आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी मेल आला. ते खातं नोकरी सोडून गेलेल्या एका शिक्षकाचं होतं, त्यात एकाच वर्गात एकमेकांशी काडीचा संबंध नसलेल्या विषयांचे पेपर भरलेले होते. त्यांनी माझा पेपर काढायची विनंती पुढे पाठवली आणि खातं बंद केलं. आमच्याकडे फेरतपासणीत ६ टक्के आले. समितीने तशी नोंद करून प्रकरण मिटवलं. सबमिशन चार महिने लांबलं, ज्या भरतीसाठी मी धावपळ करत होते तिची मुदत त्यात निघून गेली.

आता मी काय करते ते सांगते. सबमिशनच्या आधी धाकधूक वाटली की मॅडमनाच सांगते. त्या आपल्या लॉगिनमधून No repository ठेवून एकेक प्रकरण तपासतात. ही सोय बऱ्याच गाईडना करता येते, आपण विचारत नाही एवढंच. एखादं वाक्य आपलं की कुठे वाचलेलं अशी शंका आली, तर त्यातले आठ-दहा शब्द अवतरणचिन्हांत घालून गुगलवर शोधते. त्याने अख्खा प्रबंध कुणाच्या हातात जात नाही.

ग्रुपवर लिंक टाकणाऱ्या मैत्रिणीला मी हे सगळं फोनवर सांगितलं. ती बराच वेळ काही बोललीच नाही. तिने तिची पाचही प्रकरणं त्याच साइटवर टाकली होती आणि तिचं सबमिशन जूनमध्ये आहे. तिचा पेपर कुठल्या खात्यातून चढलाय ते आत्ता कळायला मार्ग नाही, कारण रिपोर्टचा मेल तिने केव्हाच डिलीट केला होता. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी तिच्या गाईडकडे गेलो आणि अपलोडची तारीख, साइटचं नाव, फाइलचं नाव असं सगळं लेखी देऊन त्यावर पोच घेतली. तपासणीत काही निघालं, तर ते आधीच सांगितलेलं असेल.