जाड वायर, आत केसाएवढ्या तारा: हीटरसाठी घेतलेल्या एक्स्टेन्शनने कसं फसवलं

हीटरसाठी एक्स्टेन्शन बोर्ड घ्यायला गेले तेव्हा मी दुकानदाराला स्पष्ट सांगितलं होतं, ‘२००० वॅटचा रूम हीटर लावायचाय, पाच मीटरची वायर हवी, दीड स्क्वेअर एमएमची, तांब्याची.’ त्याने समोर ठेवलेल्या बोर्डाची वायर चांगली जाडजूड होती, प्लग १६ अँपिअरचा, मोठ्या पिनांचा, आणि वायरच्या आवरणावर ठळक छापलेलं ‘१.५’. वर त्याने स्वतःहून तिथलीच इस्त्री लावून दाखवली. दोन-चार मिनिटांत इस्त्री कडक तापली, वायरला हात लावला तर थंडगार. ‘ताई, बिनधास्त लावा, काही होत नाही.’

या दाखवण्यात काय गोम आहे, ते आधी सांगते, कारण बहुतेक लोक इथेच निश्चिंत होतात.

इस्त्री साधारण १००० वॅटची. २३० व्होल्टवर ती ४.३ अँपिअर करंट घेते. वॅटला व्होल्टने भागायचं, एवढाच हिशेब. २००० वॅटचा हीटर ८.७ अँपिअर घेतो, म्हणजे दुप्पट. पण वायर तापते ती करंटच्या वर्गाच्या प्रमाणात. करंट दुप्पट झाला की त्याच वायरमध्ये उष्णता चौपट होते. शिवाय इस्त्रीत थर्मोस्टॅट असतो. तळ तापला की ती बंद पडते, जरा निवली की पुन्हा चालू होते, आणि मधल्या वेळात वायरही निवते. हीटर मोठ्या बटणावर ठेवला तर तासन्‌तास अखंड ओढत राहतो. त्यामुळे इस्त्रीवर पास झालेली वायर हीटरवर टिकेलच असं नाही. दुकानात दोन-चार मिनिटांत तर कोणतीच वायर पकडली जाणार नाही. आवरण तापायलाही वेळ लागतो.

घरी हीटर लावला, तो व्यवस्थित तापला. तासाभराने जुनं प्लास्टिक तापल्यासारखा वास यायला लागला. प्लगला हात लावला तर तो जेमतेम कोमट. वायर मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत गरम होती, आणि उरलेल्या वायरीची जी गुंडाळी भिंतीजवळ पडली होती ती हाताने धरवत नव्हती. तिथलं आवरण मऊ पडून दोन वेढे एकमेकांना चिकटले होते. हीटर बंद केला, प्लग काढला.

गरम कुठे लागतंय, यावरून दोष कुठे आहे ते कळतं. प्लग किंवा सॉकेटच तेवढं तापत असेल आणि वायर थंड असेल, तर पिना सैल आहेत किंवा स्क्रू नीट आवळलेला नाही. सबंध वायर सारखीच तापत असेल, तर ती त्या लोडला बारीक आहे. ती दुसऱ्या बोर्डात लावून किंवा प्लग बदलून काही उपयोग नाही.

मी ती वायर मधोमध कापली. आवरण सोलल्यावर फसवणूक डोळ्यांसमोरच होती. बाहेरून आठ-नऊ मिलिमीटर जाडी, खऱ्या दीडच्या तीन कोअर वायरीची असते तेवढीच. पण तिन्ही कोअरवरचं प्लास्टिकच भरमसाट जाड होतं आणि मधोमध तारांचा एक किडमिडा झुबका. एका कोअरमध्ये तारा मोजल्या, २४ भरल्या. आता नुसत्या संख्येवरून काही ठरत नाही, कारण तारांची जाडीही बघावी लागते. दीडची मऊ वायर ०.२५ मिलिमीटरच्या ३० तारांची असू शकते, किंवा ०.२ च्या ४८ तारांची. दोन्ही बरोबर. तार किती जाड आहे हे मायक्रोमीटर नसताना कळायचं कसं? एक तार पेन्सिलीवर शेजारी शेजारी, फट न ठेवता, २० वेढे गुंडाळायची आणि पट्टीने त्या वेढ्यांची एकूण रुंदी मोजायची. ०.२५ ची तार असेल तर ५ मिलिमीटर भरते. माझी ३ मिलिमीटर भरली. म्हणजे एक तार ०.१५ मिलिमीटरची.

तारेचा व्यास कळला की क्षेत्रफळ निघतं: व्यासाचा वर्ग गुणिले ०.७८५, गुणिले तारांची संख्या. इथे ते ०.४२ चौरस मिलिमीटर आलं. छापलं होतं १.५.

एवढ्यावरही भागलं नव्हतं. तार ब्लेडने हळूच खरवडली तर वरचा तांबूस रंग गेला आणि आतून पांढरी चकाकी दिसली. ही तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनिअमची तार. तीन-चारदा मागेपुढे वाकवली तर तुटते. वजनातही फरक लागतो, कारण तांबं ॲल्युमिनिअमच्या तिपटीहून जड असतं. हातात दोन सारख्या जाडीच्या वायरी घेतल्या तर हलकी कोणती ते लगेच कळतं. (याच्या उलटही एक प्रकार असतो: तार बाहेरून पांढरी आणि खरवडल्यावर आतून लाल. ते कल्हई केलेलं तांबं, त्यात खोट नाही.) मुलाम्याची ही तार तेवढ्याच जाडीच्या तांब्यापेक्षा दीडपटीहून जास्त अडथळा करते. म्हणजे तांब्याच्या हिशेबात माझी वायर पाव चौरस मिलिमीटरच्या जरा वर होती. सांगितल्याच्या पाचवा हिस्साही नाही.

याचा परिणाम किती, ते बघा. पाच मीटरच्या वायरीत करंट जातो पाच आणि येतो पाच, म्हणून तार धरायची दहा मीटर. खरी दीडची तांब्याची वायर असती तर या दहा मीटरचा रोध ०.१३ ओहम, आणि ८.७ अँपिअरला तिच्यात १० वॅट उष्णता झाली असती. पाच मीटरभर पसरलेली, हाताला जेमतेम जाणवेल इतकी. माझ्या वायरीचा रोध निघतो ०.६५ ओहम आणि उष्णता जवळपास ५० वॅट. वायर मोकळी पसरलेली असेल तर यातली बरीचशी हवेत निघून जाते. गुंडाळी केली, गालिच्याखाली घातली किंवा पलंगामागे दाबली की उष्णता बाहेर पडायला जागा राहत नाही आणि ती आतच साठत जाते. साधं पीव्हीसी ७० अंशांपर्यंत टिकेल असं धरलेलं असतं, पुढे ते मऊ पडायला लागतं. तारा एकमेकींना भिडल्या की शॉर्ट सर्किट.

याच वायरीवर तीच १००० वॅटची इस्त्री लावली तर उष्णता होते १२ वॅट, तीही अधूनमधून. दुकानातली ‘परीक्षा’ म्हणजे हा सगळा खेळ.

‘असं काही झालं तर एमसीबी पडेल की!’ असं मला घरातच सांगण्यात आलं. पडत नाही, आणि ही गोष्ट नीट समजून घ्या. भिंतीतल्या १६ अँपिअरच्या पॉइंटमागचा एमसीबी भिंतीतल्या वायरिंगला जपायला बसवलेला असतो. त्याच्या दृष्टीने ८.७ अँपिअर हा अगदी साधा लोड. पुढे लावलेली वायर बारीक आहे की जाड, हे त्याला कळायला काही मार्गच नाही. वायर जळून आत तारा भिडतील, तेव्हा तो पडेल. हीटरवरूनही शंका येत नाही, कारण वायरीत जेमतेम साडेपाच व्होल्ट पडतात आणि तेवढ्याने हीटर काही गार होत नाही.

वायर घेऊन दुकानदाराकडे गेले तेव्हा त्याचं पहिलं उत्तर होतं, ‘ताई, १६ अँपिअर प्लगवर लिहिलंय ना, ते प्लगचं आहे.’ हे खोटं नव्हतं, आणि सगळी मेख तिथेच आहे. प्लगवरचा आकडा प्लगचा, सॉकेटवरचा सॉकेटचा. वायरबद्दल त्या दोन्हीवरून काहीच कळत नाही. ‘मग वायरीवर १.५ कसं?’ यावर, ‘ते कंपनी छापते.’ मग ‘तुम्ही जास्त वेळ लावला असेल.’ हीटर जास्त वेळ लावायचा नसतो तर घ्यायचा कशाला? सोललेला तुकडा, पेन्सिलीवरचे वेढे आणि पट्टी मी काउंटरवर इतर गिऱ्हाइकांसमोर ठेवली, तेव्हा पैसे परत मिळाले. तसेच बोर्ड फळीवर मात्र तेव्हाही मांडलेले होते.

त्यानंतर तयार बोर्ड घ्यायच्या भानगडीत न पडता मीटरवर मिळणारी दीडची तीन कोअर तांब्याची वायर घेतली, आणि दुकानातच टोक सोलून तारा बघितल्या. १६ अँपिअरचा प्लग आणि एकच सॉकेट वायरमनकडून जोडून घेतलं. कोणत्या लोडला कोणती वायर, याचा माझ्यापुरता ठोकताळा असा: पाऊणची वायर ६ अँपिअरपर्यंत, म्हणजे इस्त्रीला चालते, त्यापुढे नको. एकची वायर १० अँपिअरपर्यंत धरतात, पण तासन्‌तास चालणाऱ्या २००० वॅटच्या हीटरला मी ती देणार नाही, दीडचीच देईन. ३००० वॅटचा हीटर १३ अँपिअर घेतो, त्याला अडीचची. लांबी वीस-पंचवीस मीटर असेल तर पुढच्या मापाची घ्यायची, कारण रोध लांबीबरोबर वाढतो. हे सगळे आकडे खऱ्या तांब्याचे आणि पूर्ण उलगडलेल्या वायरीचे आहेत. चांगल्या केबल रीलवर दोन वेगवेगळे वॅट लिहिलेले असतात, गुंडाळलेल्या स्थितीत किती आणि पूर्ण सोडल्यावर किती. गुंडाळलेल्याचा आकडा कित्येकदा निम्म्याहूनही कमी असतो. त्या बोर्डावर ‘हेवी ड्यूटी’ असं लिहिलं होतं. त्या शब्दाला कसलंच माप नाही, म्हणून तो कुणीही कशावरही छापू शकतो.

बिलावर ‘एक्स्टेन्शन बोर्ड, नग १’ एवढंच लिहून घेऊ नका. ‘तांबे, १.५ चौरस मिमी, ३ कोअर, ५ मीटर’ असं लिहून मागा. माझ्या पहिल्या बिलावर यातलं काही नव्हतं, म्हणूनच तो एवढा वेळ हुज्जत घालू शकला.