2011 च्या जनगणनेवरून लोकसंख्या मनोरा: एकेका वर्षाचा, पाच-पाच वर्षांचा की सरकवलेल्या गटांचा?

2011 च्या जनगणनेत वयाचे दोन तक्ते मुख्य आहेत. C-13 मध्ये एकेका वर्षाचं वय मिळतं, C-14 मध्ये 0–4, 5–9, 10–14 असे पाच-पाच वर्षांचे गट. दोन्ही फायली उघडल्या की C-13 कडेच हात जातो, कारण तपशील जास्त म्हणजे चित्र खरं असं आपल्याला वाटतं. मनोरा, म्हणजे प्रत्येक वयाची एक आडवी पट्टी, एका बाजूला पुरुष आणि दुसऱ्या बाजूला स्त्रिया, काढून बघा. 30, 35, 40, 45, 50 या वयांवर लांबच लांब पट्ट्या येतात आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना खड्डे. एखाद्या वर्षी फार मुलं जन्मली म्हणून हे होत नाही. लोकांनी वय सांगितलं कसं, हे त्यात दिसतं.

म्हणून कोणता मनोरा काढायचा हे ठरवण्याआधी दारात काय घडलं ते बघायला हवं. प्रगणक विचारतो, "आजी, वय किती तुमचं?" आजी म्हणतात, "असेल साठ-पासष्ट." कागदावर 60 किंवा 65 येतं, 62 किंवा 63 फार क्वचित येतं. मुलाच्या बाबतीत आई सांगते, "पाचवं लागलंय त्याला." याचा अर्थ चार पूर्ण झाली. जनगणनेत पूर्ण झालेली वर्षं लिहायची असतात, पण घाईत 5 लिहिलं गेलं की ते मूल एका वर्षाने मोठं होतं. ज्यांच्याकडे शाळेचा दाखला आहे त्यांची तऱ्हा आणखी वेगळी. महाराष्ट्रात एका पिढीतल्या किती जणांचा वाढदिवस कागदोपत्री 1 जून आहे हे आपल्याला ठाऊक आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी जी तारीख लिहिली तीच पुढे सगळीकडे चालली. चांगला प्रगणक अशा वेळी घटनांचा आधार घेतो. पानशेतचं धरण फुटलं तेव्हा (12 जुलै 1961) तुम्ही केवढ्या होता? कोयनेचा भूकंप झाला (11 डिसेंबर 1967) तेव्हा लग्न झालं होतं का? त्याने वय पाचेक वर्षांच्या पट्ट्यात नीट बसतं, पण नेमकं वर्ष तरीही मिळत नाही.

वयावरून जन्मवर्ष: साधी वजाबाकी इथे चुकते

2011 मधून 30 वजा करून 1981 म्हणणं चूक आहे, आणि ही चूक मी छापील आलेखांतही पाहिली आहे. जनगणनेचा संदर्भक्षण 1 मार्च 2011 ची मध्यरात्र, म्हणजे 00:00 वाजता. त्या क्षणी ज्याची 30 वर्षं पूर्ण आहेत तो 2 मार्च 1980 ते 1 मार्च 1981 या काळात जन्मलेला. त्यातले सुमारे दहा महिने 1980 चे आणि फक्त दोन 1981 चे. त्यामुळे एकच वर्ष निवडायचं असेल तर 2010 मधून वय वजा करा.

कॅलेंडर वर्षाचा जन्मगट हवा असेल तर दोन वयांतून वाटा घ्यावा लागतो. 1980 साली जन्मलेल्यांपैकी मार्च ते डिसेंबरमधले 30 वर्षांचे, तर जानेवारी-फेब्रुवारीमधले 31 वर्षांचे असतात:

```
जन्म(1980) = P(30) × 5/6 + P(31) × 1/6
```

इथे P(30) म्हणजे 30 वय नोंदलेली माणसं. यात जन्म वर्षभर सारखे पसरलेले आहेत असं धरलं आहे. तसे ते नसतात, पण पाच वर्षांच्या गटात त्याने फारसं बिघडत नाही. खरं बिघडतं ते गोल आकड्यांवरच्या गर्दीने.

एक हिशेब करून बघू

समजण्यापुरते आकडे घेतो. ते कुठल्या जिल्ह्याचे नाहीत. समजा प्रत्येक वयाची खरी माणसं 100 हजार आहेत. आता 30 कडे आजूबाजूचे ओढले जातात: 28 मधून 15, 29 मधून 35, 31 मधून 40, 32 मधून 10. 35 ची ओढ कमी: 33 मधून 10, 34 मधून 20, 36 मधून 15, 37 मधून 5. मग नोंद अशी दिसते:

| वय | 28 | 29 | 30 | 31 | 32 | 33 | 34 | 35 | 36 | 37 |
|---|---|---|---|---|---|---|---|---|---|---|
| हजार | 85 | 65 | 200 | 60 | 90 | 90 | 80 | 150 | 85 | 95 |

या आकड्यांवर वरचं सूत्र लावा. 1980 चा जन्मगट 177 हजार येतो, 1979 चा 65 आणि 1981 चा 87 किंवा 88. खरे तिन्ही 100 आहेत. सूत्र बरोबर असूनही उत्तर खोटं आलं. आधी फक्त वयाच्या बाजूला असलेली गर्दी आता जन्मवर्षाच्या बाजूला जाऊन बसली, आणि वाचणाऱ्याला वाटतं 1980 मध्ये घरोघरी पाळणे हलले. शिवाय तिचा थोडा भाग 1981 मध्ये सांडला. म्हणून गर्दी निस्तरल्याशिवाय एकेका वर्षाचे जन्मगट काढू नयेत, हे माझं ठाम मत आहे.

आता C-14 सारखे नेहमीचे गट करा. 30–34 मध्ये 520 हजार येतात. 38 आणि 39 चा प्रकार 28 आणि 29 सारखाच धरला तर 35–39 मध्ये 480. खरे दोन्ही 500. चूक पुष्कळ कमी झाली, पण गेली नाही, कारण 30 हा आकडा गटाच्या सीमेवरच बसला आहे. 28-29 मधून निघालेले 50 हजार सीमा ओलांडून वरच्या गटात आले. इकडे 33-34 मधले 30 हजार 35 वर गेले, म्हणून 20 हजारांची बेरीज शिल्लक राहिली. 40 वर, 50 वर पुन्हा तेच. असा मनोरा करवतीच्या दातांसारखा दिसतो: एक पट्टी बाहेर, एक आत. प्रत्यक्ष तक्त्यात हे दात वरच्या वयांत जास्त दिसतात, आणि अशिक्षितांचं प्रमाण जास्त असेल तिथे आणखी.

तिसरा मार्ग म्हणजे गट दोन वर्षांनी खाली सरकवायचे: 28–32, 33–37, 38–42. गोल आकडा आता गटाच्या मधोमध येतो आणि त्याच्याकडे आलेली माणसं त्याच गटातून आलेली असतात. आपल्या उदाहरणात 28–32 मध्ये 500, 33–37 मध्येही 500. दोन्ही बरोबर. जन्माच्या भाषेत 28–32 म्हणजे मार्च 1978 ते फेब्रुवारी 1983, आणि मनोऱ्याच्या उजव्या कडेला तसंच लिहावं. 5/6 चं गणितही लागत नाही.

हा मार्ग प्रत्येक वेळी जिंकतो असं मात्र नाही. शून्याची ओढ लांबवर पोहोचली, 33 चा माणूसही 30 सांगू लागला आणि 37 चा 40, तर 28–32 आणि 38–42 फुगतात आणि 33–37 रोडावतो. हे ओळखणं सोपं आहे: शून्य मध्ये असलेले सगळे गट शेजाऱ्यांपेक्षा सलग मोठे दिसले की समजा की ओढ मोठी आहे. अशा वेळी दहा वर्षांचे गट करा आणि थोडा तपशील सोडून द्या. दुसरी अडचण व्यवहाराची आहे. मृत्युदर आणि जननदर 30–34 अशा गटांत छापलेले असतात. पुढच्या वीस वर्षांचा अंदाज काढायचा असेल तर सरकवलेले गट त्यांच्याशी जुळत नाहीत.

मग निवड कशी करायची

आधी C-13 वरून व्हिपल निर्देशांक काढा. 23 ते 62 या वयांतली 0 आणि 5 वर संपणारी माणसं मोजायची, त्यांना 5 ने गुणायचं, 23 ते 62 च्या एकूण संख्येने भागायचं आणि 100 ने गुणायचं. 100 आलं तर गर्दी नाही. सगळ्यांनीच 0 किंवा 5 सांगितलं तर 500. पुरुष आणि स्त्रियांचा वेगवेगळा काढा, कारण दोघांची गर्दी सारखी नसते आणि एकत्र काढलं की ते झाकलं जातं. संयुक्त राष्ट्रांच्या प्रतवारीत 105 च्या आत म्हणजे अतिशय अचूक आणि 175 च्या वर म्हणजे फारच कच्चं.

110 च्या आत असाल तर एकेका वर्षाचा मनोरा बिनधास्त काढा, कारण तिथली खाच काहीतरी सांगते. जपानचा मनोरा बघा. 1966 हे त्यांच्या पंचांगात 'अग्निअश्व' वर्ष होतं. त्या वर्षी जन्मलेल्या मुलींबद्दल अपसमज होता, म्हणून जोडप्यांनी मूल टाळलं आणि जन्म वर्षभरात सुमारे चतुर्थांशाने घटले. ती खाच आजही स्पष्ट दिसते, कारण तिथे जन्मनोंद पक्की आहे. तिथे पाच वर्षांचे गट केले असते तर ती पुसट झाली असती. 125 च्या वर असाल तर एकेका वर्षाचा मनोरा फक्त तपासणीसाठी काढा, छापू नका. वाचकाला आकार दाखवायचा असेल तर सरकवलेले गट घ्या, पुढचा हिशेब करायचा असेल तर C-14. मधल्या पट्ट्यात मी सरकवलेल्या गटांकडे झुकतो.

लहान मुलांचा भाग वेगळा ठेवा. 0–6 हा गट जनगणनेत स्वतंत्र छापतात आणि महाराष्ट्रात त्यातलं मुलींचं प्रमाण हजार मुलांमागे 2001 मध्ये 913 होतं, ते 2011 मध्ये 894 झालं. हा फरक मनोऱ्याच्या तळाशी दिसायला हवा. तो दिसण्यासाठी दोन्ही बाजूंच्या टक्केवारीचा छेद एकच, म्हणजे स्त्री-पुरुष मिळून एकूण लोकसंख्या, असा ठेवा. पुरुषांची टक्केवारी पुरुषांत आणि स्त्रियांची स्त्रियांत काढली की प्रत्येक बाजूची बेरीज शंभर होते आणि मुलींची तूट चित्रातूनच नाहीशी होते.

गर्दी खरी की खोटी, हे दोन जनगणना ठेवूनही कळत नाही

पुस्तकात एक कसोटी सांगतात: खरा जन्मगट काळाबरोबर वर सरकतो, खोटी गर्दी त्याच वयावर राहते. आपल्याकडे ती फसते. 2001 मध्ये 30 वर फुगवटा होता. ती माणसं 2011 मध्ये 40 ची झाली आणि 40 वरही फुगवटा आहे. म्हणजे 1970-71 चा जन्मगट दोन्ही जनगणनांत मोठाच दिसतो आणि आपण तो खरा मानून बसतो. जनगणना दहा वर्षांनी होते, आणि 30, 40, 50 ही अंतरंही दहाचीच. म्हणून खोटा गट दर वेळी खऱ्यासारखा वर चढतो. दहाच्या पाढ्यात न बसणाऱ्या वर्षाचं सर्वेक्षण शेजारी ठेवलं तरच ते उघड पडतं.

आता जनगणनेतच तशी संधी आली आहे. पुढच्या जनगणनेचा संदर्भक्षण बर्फाळ प्रदेश सोडून 1 मार्च 2027 ठरला आहे, म्हणजे अंतर 16 वर्षांचं. 2011 मधले 40 चे लोक तेव्हा 56 चे असतील आणि 50 चे म्हणून जे येतील ते 2011 मध्ये 34 चे होते. नवा C-13 आला की 56 ची पट्टी आणि 50 ची पट्टी आधी बघा. 56 वर फुगवटा उरला नाही आणि 50 वर नवा आला, तर 1970-71 चा तो मोठा जन्मगट कधी नव्हताच.