वही, बरणी की फोन? दोघांच्या नोंदी कशात ठेवाव्यात

वर्षभर दोघांनी मिळून छोटे छोटे चांगले क्षण लिहून ठेवायचे आणि वर्षाअखेर एकत्र बसून वाचायचे, एवढं ठरलं की पुढचा प्रश्न येतो, लिहायचं कशात? बहुतेक जण लिहायला काय सोपं ते बघून ठरवतात. मी म्हणेन, वाचायला काय चांगलं ते बघा. लिहायला दोन मिनिटं लागतात, खरा आनंद वाचण्यात आहे.

नागपुरात मला तीन पद्धती दिसतात: साधी वही, चिठ्ठ्यांची बरणी आणि फोनवरचा दोघांचाच व्हॉट्सॲप ग्रुप.

बरणीचं थोडक्यात आटोपते. चिठ्ठी लिहायला मजा येते, पण चिठ्ठीवर तारीख टाकायची राहून जाते. वर्षाअखेर बरणी उपडी केली की मार्च कुठला नि ऑक्टोबर कुठला ते कळत नाही. लिहायचा कंटाळा असलेल्यांनी बरणी जरूर ठेवावी, फक्त आधीच तारखा टाकलेले कागद शेजारी ठेवावेत.

खरी निवड वही आणि फोन यांत आहे. दोघं एकाच घरात राहत असाल तर माझं मत वहीला. अक्षरावरून त्या दिवशीची घाई, थकवा, खुशी कळते, आणि वाचताना मध्येच कोणाचा मेसेज येत नाही. सीताबर्डीत गेलात की जाडजूड, सुंदर डायरीचा मोह होतो, तो टाळा. दोघांनी आठवड्याला एकेक नोंद केली तर वर्षाच्या साधारण 104 होतात. नोंदीला अर्धं पान धरलं तर 52 पानं. म्हणजे शंभर पानांची वही पुष्कळ झाली. जाड वहीत डिसेंबरमध्येही अर्ध्याहून जास्त पानं कोरी दिसतात आणि आपण कमी पडलो असं उगाच वाटतं. बॉलपेन वापरा, पावसाळ्यात ओला हात लागला तर जेलची शाई पसरते. मेट्रोचं कागदी तिकीट किंवा हॉटेलचं बिल चिकटवू नका. त्या कागदावरची छपाई उष्णतेने होते, ती आपोआप फिकी पडते, आणि आपला मे महिना तिला मुळीच मानवत नाही. त्यावर काय होतं ते हाताने लिहा.

वहीची एक अडचण मात्र खरी आहे. एकत्र कुटुंबात वही नणंदेच्या किंवा सासूबाईंच्या हाती पडू शकते. ही धास्ती असली की माणूस जपून लिहितो, आणि जपून लिहिलेलं वाचण्यात काही उरत नाही. अशा घरात फोनच बरा. एक जण पुण्याला नोकरीला असेल तरीही फोनच. तारीख-वेळ आपोआप पडते. फक्त त्या ग्रुपमध्ये ‘येताना दूध आण’ लिहायचं नाही, मेसेज आपोआप पुसले जाण्याची सेटिंग बंद ठेवायची आणि फोन बदलण्याआधी बॅकअप घ्यायचा.

दोन्हीकडे बिघडतं ते मात्र एकाच जागी, नोंदीच्या मजकुरात. ‘फुटाळ्याला गेलो, खूप मजा आली’ ही नोंद डिसेंबरमध्ये वाचून काहीच आठवत नाही. तीच अशी लिहा: ‘फुटाळ्यावर पाऊस आला. तू तुझा भुट्टा माझ्या हातात दिला, आधी माझा चष्मा पुसला आणि म्हणाला, आता बघ जी, तळं दिसते का?’ समोरच्याने काय केलं, काय म्हटलं, ते एक वाक्य हवंच. शेवटच्या पाच नोंदी चाळा. त्यांत नुसती ठिकाणं आणि खाण्याचे पदार्थ असतील तर गाडी रुळावरून घसरली समजा. दुसरी खूण म्हणजे ‘आज तरी वेळेवर आलास’ असली वाक्यं. तो टोमणा आहे, त्याचं बोलणं समोरासमोर करावं.

आणि साध्या दिवसांवर भर द्या. हार्वर्डच्या टिंग झांग आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असं आढळलं की रोजच्यासारख्या दिवसांची नोंद पुढे वाचताना किती गोडी वाटेल, याचा अंदाज माणसं कमी बांधतात. जोडप्यांमधल्या लोकांनी व्हॅलेंटाईन डे आणि एक साधा दिवस अशा दोन्हींबद्दल लिहिलं होतं, तेव्हाही अंदाज चुकला तो साध्या दिवसाबाबतच. वाढदिवस तसाही आठवणीत राहतो, फोटोही असतात. गुरुवारी सकाळी तर्री-पोहे खाताना झालेलं बोलणं लिहिलं नाही तर गेलंच.

वाचताना एकमेकांच्या नोंदी वाचा: तिच्या त्याने, त्याच्या तिने, मोठ्याने. शंभरेक नोंदी एका बैठकीत संपवायच्या म्हटलं की शेवटी घाई होते, म्हणून डिसेंबरातल्या दोन संध्याकाळी ठेवा. एकाच्या नोंदी कमी निघाल्या तर त्या मोजू नका. लिहिण्याऐवजी सांगायची सवय असलेल्या माणसाने सांगावं आणि दुसऱ्याने त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावं, वहीत ते चालतं.