‘एकेक फोटो डोळ्यांनी बघतो’ म्हणून पैसे घेतले, आणि चालवली दोन ओळींची स्क्रिप्ट

दापोलीजवळच्या मुरुडला, किनाऱ्यावरचं लग्न. दोन कॅमेऱ्यांचे मिळून ३,८०० फोटो. पुढे लागोपाठ कामं होती म्हणून हललेले, फोकस चुकलेले फोटो बाजूला काढायचं काम मी बाहेर दिलं. प्रत्येक फोटो मोठा करून चेहरा तपासतो, असं सांगून त्या माणसाने फोटोमागे दोन रुपये घेतले, तेही आगाऊ.

दुसऱ्याच दिवशी निवड आली. नवरीच्या आजीचा फोटो त्यात नव्हता. उघड्या अ‍ॅपर्चरवर काढलेला, डोळे अगदी लख्ख, मागे धूसर समुद्र. सूर्य बुडतानाचे जवळपास सगळेच फोटो गायब. उलट, जिथे फोकस चुकून मागच्या सुरूच्या झाडांवर गेला होता आणि नवरीचा चेहरा पुसट होता, ते फोटो मात्र ठेवलेले.

मला संशय आला. मूळ जेपेग माझ्याकडे होतेच, त्यांवर मी हे चालवलं:

```python
g = cv2.imread(f, 0)
print(f, cv2.Laplacian(g, cv2.CV_64F).var())
```

आकड्यांप्रमाणे यादी लावली. ठेवलेल्यांत सर्वांत कमी १००.४, टाकलेल्यांत सर्वांत जास्त ९९.७. एकही अपवाद नाही. माणसाच्या डोळ्याने केलेली निवड इतकी काटेकोर १०० वर तुटत नाही.

लाप्लासियन प्रत्येक पिक्सेलची शेजाऱ्यांशी तुलना करतो. कडा ठळक असल्या की उत्तरं दूरदूर पसरतात आणि व्हेरियन्स वाढतो. पण हा आकडा अख्ख्या चौकटीचा असतो. आजीच्या फोटोत चेहरा लहान आणि धूसर समुद्र मोठा, म्हणून ३८. सुरूच्या सुया म्हणजे कडाच कडा, म्हणून ६४०. संध्याकाळी उजेडासोबत कॉन्ट्रास्टही उतरतो, आणि पिक्सेलांमधला फरक निम्मा झाला की व्हेरियन्स थेट चौथाईवर येतो. रात्रीच्या नाचाचे हललेले फोटो वाचले ते वाढवलेल्या आयएसओच्या दाण्यांमुळे. त्या दाण्यांनाही हा आकडा बारकावाच समजतो.

पद्धत वाईट नाही, मी स्वतः वापरते. एकाच क्षणाच्या सलग पाच-सहा फोटोंत, एकाच आकारावर, चेहऱ्याचा तेवढाच चौकोन कापून मोजलं, तर सर्वांत स्वच्छ फोटो बहुधा बरोबर सापडतो. सगळ्या लग्नाला एकच आकडा लावून फोटो फेकणं ही मात्र शुद्ध लबाडी.

यादी समोर ठेवल्यावर तो म्हणाला, “ताई, ब्लर होते म्हणूनच काढले.” पैसे परत आले नाहीत. दोन रात्री जागून मी निवड पुन्हा केली.

आता असं काम देण्याआधी मी पन्नास फोटो पाठवते. त्यांत धूसर पार्श्वभूमीचे चेहरे, तिन्हीसांजेचे फोटो आणि सुरूवर फोकस गेलेले मुद्दाम घालते, आणि टाकलेल्या प्रत्येक फोटोचं कारण लिहून मागते. तुम्हीही मागा, आणि मूळ फोटो हातचे सोडू नका.