कमकुवत सिग्नलमध्ये बॅटरी वाचवायची: विमान मोड की फक्त 4G?

फोन नुसता पडून आहे, तरी सकाळी बॅटरी निम्म्यावर. अशा वेळी ॲपना दोष देण्याआधी सेटिंगमधल्या सिमच्या माहितीत सिग्नलचा आकडा बघा. 4G वर तो -90 dBm च्या आसपास असेल तर ठीक. -115 च्या खाली गेला की फोन काठावर असतो. टॉवर सुटला की रेडिओ एकेक बँड तपासत राहतो, आणि सापडला की आपली नोंद कळवायला जास्त ताकदीने प्रक्षेपण करतो. बॅटरी खाते ती हीच धावपळ.

विमान मोडमध्ये हा शोध पूर्ण थांबतो. मोड चालू करून मग वायफाय पुन्हा लावा. तुमच्या सिमवर वायफाय कॉलिंग चालत असेल तर फोनही येतील. वायफाय नसेल तर मात्र तुम्ही कोणालाच सापडणार नाही. घरात कोणी आजारी असेल तर हा मार्ग नकोच.

दुसरा पर्याय म्हणजे पसंतीचे नेटवर्क 5G ऐवजी 4G करणे. 5G तुटक आणि 4G स्थिर असेल तिथे याचा चांगला उपयोग होतो, कारण फोनची सारखी अदलाबदल थांबते आणि कॉलही येत राहतात. पण 4G सुद्धा -118 वर लटकत असेल तर शोध चालूच राहतो आणि फरक जेमतेम पडतो.

म्हणून वायफाय असलेल्या खोलीत मी विमान मोडच निवडेन. वायफाय नसेल तर 4G, आणि फोन खिडकीपाशी. तिथे आकडा दहाने सुधारला, तरी पोहोचणारा सिग्नल दहापट झालेला असतो.