मिनिमम ड्यू, ठरावीक रक्कम की ईएमआय? 50 हजार थकलेत तर काय करायचं

समजा क्रेडिट कार्डाचं बिल आलंय 50 हजारांचं आणि एकदम भरायला पैसे नाहीयेत. बिलावर दोन आकडे दिसतात, टोटल ड्यू 50,000 आणि मिनिमम ड्यू 2,500, आणि साहजिकच डोळा दुसऱ्या आकड्यावर जातो. तो भरला की लेट फी लागत नाही, हप्ता चुकल्याची नोंद होत नाही, एवढं मात्र खरं. पण व्याज थांबत नाही, आणि बरेच लोक नेमके इथेच फसतात.

हिशोबासाठी धरूया की व्याज महिन्याला 3 टक्के आहे, मिनिमम म्हणजे बाकीच्या 5 टक्के, आणि कार्ड आता अजिबात वापरायचं नाही. (3 टक्के ऐकायला किरकोळ वाटतं, पण व्याजावर व्याज धरलं तर वर्षाला 42 टक्क्यांच्या वर जातं.) व्याज खरं तर रोजच्या बाकीवर लागतं त्यामुळे आकडे थोडे पुढेमागे होतील, आणि कर वगैरे मी धरलेला नाही.

आता पहिला महिना बघा. 2,500 भरले, राहिले 47,500, त्यावर व्याज 1,425, म्हणजे पुढचं बिल 48,925. खिशातून गेले अडीच हजार आणि कर्ज कमी झालं फक्त 1,075 नी. आणि त्याच महिन्यात तुम्ही कार्डावर 1,100 ची जरी खरेदी केलीत तरी तेवढंही कमी होत नाही, बाकी आहे तिथेच, उलट चार पैसे वरच.

खरी गोम पुढच्या बिलात आहे. बाकी कमी झाली म्हणून मिनिममही कमी होतं, 2,500 चं 2,446 होतं, मग अजून कमी, आणि आपल्याला वाटतं वा, भार हलका होतोय. भार नाही हो, फेडायचा वेग कमी होतोय! असंच चालू ठेवलं तर वर्षभरात साधारण 26,700 भरून होतात, त्यातले 15,200 व्याजात जातात आणि बाकी उरते 38,500.

याउलट बिलात काहीही मिनिमम येऊ दे, आपण दर महिन्याला 2,500 च भरायचे असं ठरवलं तर? सुरुवात अगदी तीच, पहिल्या महिन्यात एक पैसाही जास्त नाही. पण 30 व्या महिन्यात खातं शून्य, एकूण व्याज सुमारे 24 हजार. मिनिममवाल्याचे त्याच 30 महिन्यांत व्याजातच जवळपास 32 हजार गेलेले असतात आणि वर 26 हजार अजून बाकी असतात. 5,000 झेपत असतील तर 12 महिन्यांत विषय संपतो, व्याज सव्वाआठ हजारांच्या आसपास.

तिसरा पर्याय बाकीचा ईएमआय करून घेणं. समजा दर महिन्याला दीड टक्क्याचा मिळाला आणि मुदत 24 महिने, तर हप्ता येतो 2,496, म्हणजे परत तेच अडीच हजार, पण व्याज 10 हजारांच्या आतच. माझं मत विचाराल तर एका वर्षात फेडणं जमणार नसेल तर हाच बरा, फक्त प्रोसेसिंग फी किती, मधेच बंद केलं तर दंड किती आणि सांगितलेला दर फ्लॅट आहे की घटत्या बाकीवर, हे आधी विचारून घ्या. फ्लॅट दर दिसायला कमी असतो पण प्रत्यक्षात जवळजवळ दुप्पट पडतो, कारण तुम्ही फेडलेल्या पैशावरही व्याज चालूच राहतं.

मिनिममचा अजून एक तोटा पटकन लक्षात येत नाही. मागची बाकी राहिली की नव्या खरेदीला मिळणारा बिनव्याजी काळ सहसा बंद होतो, म्हणजे बिलाच्या 20 दिवस आधी घेतलेल्या 3,000 च्या वस्तूवर बिल यायच्या आतच 60 व्याज चढलेलं असतं. त्यामुळे फेडत असाल तेवढे दिवस रोजचा खर्च या कार्डावर नकोच.

आपण कुठे आहोत ते कळायला बिलातली फायनान्स चार्जेसची ओळ बघा आणि शेजारी मागच्या महिन्यात भरलेली रक्कम ठेवा. भरलेल्यातले निम्म्याहून जास्त व्याजातच जात असतील तर तुम्ही मिनिममच्या चक्रात आहात. आणि हो, सगळी बाकी एकदम भरलीत तरी पुढच्या बिलात थोडं व्याज दिसू शकतं, ते बिल निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतच्या दिवसांचं असतं, त्यामुळे कार्ड बंद करायला सांगायच्या आधी ते एक बिल येऊ द्या.