टीव्ही घरात आला, बिल आलं नाही: सांगलीतल्या एका डीलरला लिहिलेलं पत्र

धनत्रयोदशीला, 18 ऑक्टोबर 2025 ला, आम्ही सांगलीतल्या एका दुकानातून 43 इंची टीव्ही घेतला. ठरलेली किंमत 32,990 रुपये. 5,000 यूपीआयने आगाऊ दिले, उरलेले 27,990 घरपोच आल्यावर रोख. त्याशिवाय भिंतीचं ब्रॅकेट 700, फिटिंग 500 आणि ‘तीन वर्षांची जादा वॉरंटी’ म्हणून 2,499. एकूण 36,689 रुपये गेले. हातात आला तो फक्त एस्टिमेटचा कागद आणि दुकानाच्या शिक्क्याचं एक कार्ड. पक्कं बिल मागितलं तर, “वहिनी, सणाची गर्दी आहे, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो.”

आता ज्या क्षणाची मला रोज चीड येते तो सांगते. फिटिंगवाल्या मुलाने टीव्ही चालू केला आणि थेट झगझगीत रंगांचं चित्र आलं. खाली पट्टीवर टीव्हीचे गुण एकामागून एक सरकत होते. त्याने भराभर रिमोट दाबून ते घालवलं. नवीन टीव्ही पहिल्यांदा चालू केला की आधी भाषा विचारतो, वायफाय विचारतो आणि घरासाठी लावताय की दुकानासाठी, तेही विचारतो. आमच्या टीव्हीने काहीच विचारलं नाही. तो दुकानातल्या शोच्या सेटिंगवर, म्हणजे स्टोअर मोडवर होता. खोक्यावर जुन्या चिकटपट्टीवरून नवी पट्टी मारलेली होती, तीही डोळ्यांसमोर होती. पण घरात पूजेची तयारी, सासूबाई आणि पाहुणे बसलेले, तो मुलगा ड्रिल घेऊन घाई करतोय. ज्याने आयुष्यात दोनदा टीव्ही घेतला त्याला पहिल्या स्क्रीनवर काय दिसायला हवं हे कुठून कळणार? ते सांगायला तर कंपनीचा डेमो असतो, आणि तोच आम्हाला मिळू दिला नाही. मी विचारलं तेव्हा उत्तर होतं, “डेमो म्हणजे काय वहिनी, हे रिमोट, ही बटणं.”

वरच्या मजल्यावरच्यांनी त्याच कंपनीचा टीव्ही दुसरीकडून घेतला होता. त्यांच्याकडे कंपनीचा माणूस आला, सीरियल नंबरचा फोटो काढला, पडद्यावर एकेक रंग भरून काळा ठिपका किंवा रेघ आहे का ते दाखवलं, मोबाइलवर मेसेज आला आणि एक पैसा घेतला नाही. मी लगेच कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर टीव्हीच्या मागचा सीरियल नंबर सांगितला. पलीकडची मुलगी म्हणाली, “मॅडम, या नंबरचं इन्स्टॉलेशन नोव्हेंबर 2024 मध्ये झालंय.” म्हणजे जवळजवळ वर्षभर दुकानात चालू असलेला शोपीस आम्हाला नवा म्हणून विकला! वर्षाची वॉरंटी संपायला काही आठवडेच उरले होते.

म्हणून सांगते, डेमोला शोभेची सेवा समजू नका. त्याच वेळी तुमचा सीरियल नंबर तुमच्या नावावर चढतो आणि पडदा धड आला याची नोंद होते. पडदा फुटला किंवा दबला असेल तर ते वॉरंटीत बसत नाही. पहिल्याच दिवशी नोंद नसेल तर तुम्हीच फोडलात, असं म्हणायला दुकानदार मोकळा.

दुकानात गेलो तर शेठ म्हणाले, “कंपनीला विचारा.” कंपनी म्हणाली, “बिल दाखवा.” मग मी पत्र लिहिलं. मजकूर देते, कोणाच्या कामी यावा:

“महोदय, आपण दि. 18 ऑक्टोबर 2025 रोजी माझ्या घरी पोहोचवलेल्या 43 इंची टीव्हीचे कर बिल मला अद्याप मिळालेले नाही. यूपीआय व्यवहाराची नोंद व आपले मेसेज सोबत जोडले आहेत. (1) सीरियल नंबर नमूद केलेले बिल द्यावे. (2) कंपनीच्या अधिकृत तंत्रज्ञाकडून विनाशुल्क इन्स्टॉलेशन व डेमो करून द्यावा आणि फिटिंगचे घेतलेले 500 रुपये परत करावेत. (3) वॉरंटीच्या अटी लेखी द्याव्यात: संपूर्ण टीव्हीवर किती महिने, पॅनेलवर किती, मुदत कोणत्या तारखेपासून, भेटीचा व मजुरीचा खर्च कोणाचा. (4) 2,499 रुपयांची जादा वॉरंटी कंपनीची की दुकानाची, हे लिहून द्यावे. (5) सदर सीरियल नंबर नोव्हेंबर 2024 मध्ये नोंदलेला असल्याचे कंपनी सांगते. टीव्ही बदलून नवा द्यावा किंवा रक्कम परत करावी. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक आयोगात तक्रार करीन.”

हे स्पीड पोस्टाने पाठवा. रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टातच मिसळलं आहे, त्यामुळे पोचल्याचा पुरावा तिथूनच घ्या. फोनवर बोललेलं पुढे कोणी मानत नाही.

आणि “पॅनेल वॉरंटी दोन वर्षं” हे ऐकून खूश होऊ नका. बहुतेक ठिकाणी दुसऱ्या वर्षी फक्त पॅनेल झाकलेलं असतं. बोर्ड, स्पीकर, माणसाची फी, सगळं तुमच्या खिशातून. आमच्या 2,499 च्या कार्डावर तर पॅनेल मुळात नव्हतंच. मागच्या बाजूला बारीक अक्षरात फक्त मजुरी लिहिली होती. दुकानाचं कार्ड म्हणजे कंपनीची वॉरंटी नव्हे.

आता यंत्रणेचं ऐका. पोलीस चौकीत हवालदारांनी एस्टिमेटकडे पाहिलं आणि, “ताई, ही दिवाणी बाब आहे, ग्राहक मंचात जा.” जुना माल नवा म्हणून गळ्यात मारला, पैसे रोख घेतले, बिल दिलं नाही, आणि तरी एक अर्ज लिहून घ्यायचीही तयारी नाही! राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवली. त्यांनी ती कंपनीकडे पाठवली, कंपनीने ‘डीलरशी संपर्क साधा’ असं लिहिलं आणि तक्रार निकाली म्हणून बंद! माझ्याशी कोणी बोललं नाही. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याकडेच मला परत पाठवणं याला निकाल म्हणतात का? ही हेल्पलाइन फक्त समेट घडवायचा प्रयत्न करते, आदेश देऊ शकत नाही, हे फोन उचलल्याबरोबर सांगायला हवं. लोक त्या क्रमांकावर भरवसा ठेवून बसतात आणि तेवढ्यात तीस दिवस निघून जातात.

कारण कायद्यात ते दिवस महत्त्वाचे आहेत. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. आणि बिलात मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत सदोष माल परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. माझं पत्र त्या तीस दिवसांत पोचलं आहे. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रार शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं.

पुरावा पक्का करायला मी 590 रुपये भरून कंपनीचा तंत्रज्ञ बोलावला. सर्व्हिस मेनूमध्ये पॅनेल चालल्याचे तास दिसतात. ते त्याने जॉबशीटवर लिहून सही केली: 3,640 तास. रोज अकरा तास धरले तरी अकरा महिने होतात. तो मेनू स्वतः उघडू नका, सेटिंग बिघडतात. तंत्रज्ञाकडूनच लिहून घ्या.

पंधरा दिवस उलटले. लेखी उत्तर नाही, पण शेठच्या मेव्हण्याचा फोन आला: चार हजार घ्या आणि विषय मिटवा. मी म्हटलं, हे दुकानाच्या लेटरहेडवर लिहून पाठवा. त्यांनी फोन ठेवला. तक्रारीचा अर्ज, पत्राची प्रत आणि जॉबशीट आता जिल्हा आयोगाकडे जात आहे.